36 महिन्यांची बाकी, 54,000 जमा: आधी लेट फी वळती करायची की आधी मेंटेनन्स?

खजानची, वाघोडिया रोड
आमची 48 फ्लॅटची सोसायटी आहे, बडोद्यात. महिना 1,500: त्यात 1,300 मेंटेनन्स, 200 सिंकिंग फंड. लेट फी महिना दीड टक्का. एका सभासदाने एप्रिल 2022 पासून छदाम भरला नव्हता. एक्सेलप्रमाणे 31 मार्च 2025 अखेर त्यांची बाकी 71,978. दोन तारखेला त्यांनी 54,000 पाठवले, शेऱ्यात लिहिलं MAINT APR22 TO MAR25. मी त्यातून लेट फीचे 17,978 आधी वळते केले, उरलेले मेंटेनन्सला धरले आणि 17,978 मेंटेनन्स बाकी असं बिल पाठवलं. ते म्हणतात, माझं मेंटेनन्स फिटलं, लेट फीचं नंतर बोलू. मी म्हणतो लेट फी आधी. तुमचं काय मत?

मीनल
लेट फी आधीच. यात विचारायचं काय? मी अकरा वर्षं दहा तारखेच्या आत भरते. तीन वर्षं लिफ्ट आमच्या पैशावर चालली, वॉचमनचा पगार आमच्या पैशावर झाला, आणि हे गृहस्थ सावकाश येऊन मुद्दल टेकवणार. लेट फी मागे ठेवलीत की पुढच्या साधारण सभेत कोणीतरी उठून "जाऊ द्या, माफ करा" म्हणणारच. आमच्याकडे दोनदा झालंय.

श्रीकांत (बँकेतून निवृत्त)
मताचं नंतर बघू, मला आकडाच पटत नाहीये. दीड टक्का म्हणजे 1,500 वर महिन्याला साडेबावीस रुपये. पहिल्या महिन्याअखेर एक बिल थकलेलं, दुसऱ्या महिन्याअखेर दोन, असं छत्तिसाव्यापर्यंत. एक ते छत्तीसची बेरीज 666. त्याला साडेबावीसने गुणलं की 14,985. मुद्दल 54,000 बरोबर आहे. मग तुमचे 17,978 आले कुठून? वरचे 2,993 कसले? एक्सेलमधलं सूत्र इथे टाका.

खजानची, वाघोडिया रोड
शीट आधीच्या खजानचींची आहे, मी फक्त ओळी खाली ओढत आलो. B मेंटेनन्स, C सिंकिंग, D लेट फी, E जमा, F बाकी.

```
D6: =(F5+B6+C6-E6)*1.5%
F6: =F5+B6+C6+D6-E6
```

श्रीकांत (बँकेतून निवृत्त)
हेच ते. तुमच्या F मध्ये मेंटेनन्स, सिंकिंग आणि मागची लेट फी एकाच पिशवीत आहेत, आणि पुढच्या महिन्याचा दीड टक्का त्या अख्ख्या पिशवीवर लागतो. म्हणजे लेट फीवर लेट फी. लबाडी नाही, एकच रकाना कमी पडला. पहिल्या वर्षी हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बारा महिन्यांनंतर सरळ हिशेबाने 1,755 येतात आणि तुमच्या शीटने 1,855. शंभराचा फरक ऑडिटरही सोडून देतो. तीन वर्षांनी तोच तीन हजार होतो. बाकी या रकान्याचे दोन करा, F मुद्दलाची आणि G लेट फीची; जमाही दोन ठिकाणी लिहा. E मुद्दलातली जमा, H लेट फीतली.

```
D6: =F6*1.5%
F6: =F5+B6+C6-E6
G6: =G5+D6-H6
```

आता D फक्त मुद्दलावर चालेल आणि लेट फी G मध्ये निवांत बसून राहील.

ठाणेकर जावई
माझं सासर मांजलपूरला, म्हणून तोंड घालतो. हे सगळं नियमात लिहिलेलंच आहे. थकबाकीवर जास्तीत जास्त 21 टक्के, तेही सरळ व्याज. चक्रवाढ लावताच येत नाही. आणि सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाव टक्का तरी पाहिजे. तुमचे 200 कोणत्या हिशेबाने?

श्रीकांत (बँकेतून निवृत्त)
जावईबापू, आकडे बरोबर आहेत, गाव चुकलं. ते महाराष्ट्राचे आदर्श उपविधी. बडोद्याची सोसायटी 1961 च्या गुजरात सहकारी कायद्याखाली, तिथे तुमच्या नोंदलेल्या पेटानियमांत आणि सभेच्या ठरावात काय लिहिलंय ते चालतं. खजानचीसाहेब, ठरावाचं वाक्य जसंच्या तसं काय आहे?

खजानची, वाघोडिया रोड
प्रोसिडिंग काढलं. "मुदतीत न भरलेल्या मेंटेनन्सच्या रकमेवर दरमहा दीड टक्का लेट फी आकारावी." बस्स, एवढंच. लेट फीवर लेट फी असं कुठेच नाही. 2,993 माझ्याकडून गेले म्हणायचे. पण मूळ प्रश्न तसाच आहे. 14,985 तरी आधी वळते करू ना? काका, तुमची बँक हप्त्यातून आधी व्याजच कापत होती.

श्रीकांत (बँकेतून निवृत्त)
कापत होती, कारण कर्जाच्या कागदावर कर्जदाराची तशी सही होती. तुमच्या ठरावात जमेचा क्रम आहे का? नाही. मग करार कायदा, 1872 चा. कलम 59 म्हणतं, देणाऱ्याने अमुक देण्यासाठी म्हणून पैसे दिले आणि घेणाऱ्याने ते घेतले, तर त्याच देण्यात धरायचे. त्याने काहीच सांगितलं नसेल तर 60 प्रमाणे घेणाऱ्याची मर्जी. दोघंही गप्प असतील तर 61, जुनं देणं आधी. तुमच्या सभासदाने शेरा लिहिलाय, तोही महिन्यांसकट.
दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीनलताई रागावतील. व्याज हे वेगळं देणं नसून त्याच देण्याचं अंग आहे, म्हणून वेगळं ठरलेलं नसेल तर आधी व्याज, असंही न्यायालयांनी धरलेलं आहे. तुमची लेट फी व्याज की दंड, यावर दोन वकील दोन तास भांडतील.
खरा फरक कुठे पडतो ते बघा. दोन्ही रीतींनी मागे 14,985 च उरतात. आधी लेट फी कापली तर उरलेलं मुद्दल ठरतं आणि त्यावर महिन्याला 225 चढत राहतात. आधी मुद्दल धरलं तर उरते ती लेट फी, आणि ती वाढत नाही. भांडण या 225 चं आहे.

मीनल
म्हणजे त्यांना आता बिनव्याजी उधारी! काका, हे 225 च तर टोचायला हवेत. नाहीतर ते 14,985 ते कधी देणार, नातवाच्या मुंजीला?

अनघा, इंदूर
सिंकिंग फंडाचं वाचून आले. आमच्या कॉलनीत कमिटीने तोच फंड मोडून रंग लावला, वर म्हणाले रंग म्हणजे दुरुस्तीच. चार जणांनी तेव्हापासून बिलातला तेवढा भाग भरणं बंद केलंय. तुमच्या त्या सभासदाचाही हाच राग असेल, विचारून बघा.

खजानची, वाघोडिया रोड
नाही हो ताई, त्यांचा राग पार्किंगचा. आणि आमच्या फंडाला आम्ही हात लावलेला नाही, एफडीत आहे.

श्रीकांत (बँकेतून निवृत्त)
सगळा आहे? अनघाताईंचा प्रश्न वेगळा होता, पण बोट बरोबर जागी पडलं. बिल निघालं की तुम्ही 200 सिंकिंग फंडाला जमा टाकता, पैसे येवोत न येवोत. या सभासदाचे 7,200 तीन वर्षं ताळेबंदात फंड म्हणून दिसत होते, बँकेत एक रुपया नव्हता. आता आधी 14,985 लेट फीत घातलेत तर 39,015 उरतात, म्हणजे सव्वीस बिलं फिटली. सिंकिंगला 5,200 आले, 2,000 पुन्हा हवेत. लेट फी मात्र चालू उत्पन्नात जाते आणि वॉचमनच्या पगारात संपते. आधी मुद्दल धरलंत तर पूर्ण 7,200 ची एफडी करता येते. ताळेबंदाच्या डाव्या हाताचा फंड आणि उजव्या हाताची एफडी शेजारी ठेवून बघा.

खजानची, वाघोडिया रोड
बसलो होतो हिशेबाला. 48 फ्लॅट, 200 रुपये, 36 महिने: फंडाला जमा 3,45,600. एफडी व्याज सोडून 3,20,000. फरक 25,600. त्यातले 7,200 यांचे, उरलेले 18,400 बाकी चार थकबाकीदारांचे मिळून. मी दर सभेत "फंड साडेतीन लाखाच्या घरात" असं वाचून दाखवत होतो.
अजून एक सांगतो, हसू नका. पावती शोधली. आमच्या मॅनेजरने 54,000 ची छापील पावती त्याच दिवशी फाडली होती. त्यावर लिहिलंय: "एप्रिल 22 ते मार्च 25 मेंटेनन्सपोटी". खाली शिक्का, सही.

श्रीकांत (बँकेतून निवृत्त)
मग आता कसला वाद घालताय? त्याने कशासाठी दिले ते सांगितलं, तुम्ही त्याच नावाने पावती दिली. वहीत वेगळं आणि पावतीवर वेगळं, हे घेऊन सहकारी तंटे ऐकणाऱ्या बोर्ड ऑफ नॉमिनीजपुढे गेलात तर पहिला प्रश्न तोच येईल. मुद्दल फिटलं असं धरा, G मध्ये 14,985 दाखवा, त्यांची वेगळी नोटीस द्या. मागच्या वर्षांच्या वह्या ऑडिट झालेल्या, त्यांना हात लावू नका. 2,993 ची क्रेडिट नोट याच वर्षात, कमिटीच्या ठरावाने. पुढच्यासाठी सभेत एक ओळ मंजूर करून घ्या: जमा रक्कम आधी कशात धरायची. ती ओळ बिलावरही छापा.

मीनल
ती ओळ "आधी लेट फी" अशीच छापा. काकांना जे म्हणायचंय ते म्हणू दे. पुढच्यांना आधीच कळलेलं असेल, मग तक्रार कसली?

ठाणेकर जावई
आणि सिंकिंग फंड? तो मागे राहील त्याचं काय?

मीनल
त्याची वेगळी पावती फाडा. 200 वेगळे, 1,300 वेगळे.

खजानची, वाघोडिया रोड
वेगळ्या पावतीची कल्पना आमच्या सोसायटीच्या मंत्र्यांना, म्हणजे सेक्रेटरींना, आवडली. क्रमावर मात्र कमिटीत तीन विरुद्ध दोन झालं, साधारण सभेत नेणार आहोत.
शीट दुरुस्त करताना आणखी एक सापडलं. सी विंगमधल्या एका वहिनींनी गेल्या वर्षी बारा महिन्यांची बाकी एकदम भरली होती. लेट फी 1,855 घेतली, खरे 1,755 होतात. त्यांनी काही विचारलं नव्हतं, चहा पाजून पैसे मोजून दिले होते. मंत्री म्हणतात, शंभर रुपयांसाठी कशाला उकरून काढायचं. मी क्रेडिट नोट लिहून ठेवलीय, सही राहिली आहे.