सीमेवरचे माप नापास होण्याचे कारण

«२५ मिमी लक्ष्य आणि ±०.०५ सवलत असताना २५.०५ हे माप ABS च्या सूत्रात नापास का दिसते?»

सूत्राची रचना बरोबर आहे. अडचण एक्सेल दशांश संख्या द्विमान पद्धतीने साठवते यात आहे. २५.०५ ही संख्या त्या पद्धतीत तंतोतंत मावत नाही, त्यामुळे वजाबाकीच्या रकान्यात सोळा दशांश स्थळे दाखवल्यास ०.०५ ऐवजी 0.0500000000000007 दिसते, आणि ते ०.०५ पेक्षा मोठे असल्याने <= ही तुलना FALSE देते. २४.९५ चेही हेच होते, म्हणजे दोन्ही सीमांवरचे चांगले नग विनाकारण बाद होतात. म्हणून फरक आधी पूर्णांकित करावा (B2 मध्ये माप, E1 मध्ये लक्ष्य, E2 मध्ये सवलत):

```
=ROUND(ABS(B2-$E$1),3)<=$E$2
```

येथे ३ हा आकडा विचारपूर्वक घ्यावा. मायक्रोमीटरचे लघुतम माप ०.०१ मिमी असेल, तर त्यापेक्षा एक स्थळ अधिक ठेवणे पुरेसे आहे, मात्र ०.००१ मिमी वाचणाऱ्या उपकरणाच्या नोंदींवर २ लिहिल्यास २५.०५४ हे खरोखर बाद व्हायला हवे असे माप पास होईल, आणि तपासणीत ही चूक पहिलीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. रिकामा रकाना शून्य धरला जाऊन नापास दिसतो, तेवढा ISNUMBER ने वेगळा काढावा.