मदत हवी आहे: टेलिग्रामवर १४ फोटोंचा अल्बम पाठवला, पण कॅप्शन गायब आणि क्रमही चुकला

कपाटवाली

मी घरातलं एक लाकडी कपाट सुटं करून भावाकडे पाठवलंय. सुटं करताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत गेले, म्हणजे तिकडे जोडताना त्याला अडायला नको. असे एकूण १४ फोटो झाले. ते टेलिग्रामवर एकत्र पाठवले, तर आधी १० चा एक गठ्ठा गेला आणि खाली ४ चा दुसरा. ते एक वेळ ठीक आहे.

पाठवताना मी फक्त पहिल्या फोटोला ओळ लिहिली होती: "सुरुवात तळाच्या फळीपासून". ती अल्बमच्या खाली छान दिसत होती. मग वाटलं, प्रत्येक फोटोखाली लिहावं. म्हणून दुसऱ्या फोटोला कॅप्शन जोडलं, आणि पहिलीही ओळ नाहीशी झाली! अल्बमखाली आता काहीच नाही. तरी चिकाटीने उरलेल्या सगळ्यांना कॅप्शन लिहून टाकली. भाऊ म्हणतो, "ताई, कुठे काय लिहिलंयस? मला नुसते फोटो दिसतायत."

शिवाय ७ आणि ८ नंबरचे फोटो उलटसुलट गेलेत. बिजागरी बसवायच्या आधीच दार लावलेलं दिसतंय. पाठवल्यावर क्रम बदलता येतो का? की सगळं डिलीट करून पुन्हा पाठवू?

---

उंबरठा

कॅप्शनला १०२४ अक्षरांची मर्यादा असते. तुमचं सगळं मिळून त्याच्यावर गेलं असणार, म्हणून उडालं. थोडक्यात लिहून बघा.

---

कपाटवाली

नाही हो, सगळ्या ओळी चार-पाच शब्दांच्याच आहेत. "डावी बाजू उभी करणे" यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही.

---

पाचवा_स्क्रू

उंबरठा, मर्यादेचा आकडा बरोबर आहे, पण ती एकेका कॅप्शनची मर्यादा, अल्बमची बेरीज नव्हे. इथे कारण वेगळं आहे.

कपाटवाली, तुमची कॅप्शन उडालेली नाहीत. भावाला सांगा, कुठलाही एक फोटो दाबून मोठा कर. खाली ओळ दिसेल. मग बोटाने सरकवत गेला की प्रत्येक फोटोसोबत त्याची त्याची ओळ येईल.

असं का होतं, तर टेलिग्रामचा अल्बम ही एक वस्तू नाहीच. ते दहा वेगवेगळे मेसेज असतात, एका गठ्ठ्याचे म्हणून चिकटवून दाखवलेले. प्रत्येकाला स्वतःचं कॅप्शन असू शकतं. गठ्ठ्यात एकाच फोटोला कॅप्शन असेल, तर अ‍ॅप ते सगळ्या अल्बमचं समजून खाली छापतं. दोन किंवा जास्त फोटोंना असेल, तर कुठलं छापायचं हा प्रश्न येतो, म्हणून खाली एकही छापत नाही. प्रत्येक ओळ आपापल्या फोटोत जाऊन बसते. तुम्ही दुसऱ्या फोटोला लिहिलंत त्या क्षणी तुमचा अल्बम पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात गेला. पडताळून बघायचं असेल तर एक सोडून बाकी सगळी कॅप्शन पुसा, उरलेली ओळ पुन्हा खाली येईल. (पुसू नका खरं तर, फुकटची मेहनत.)

क्रमाचं: पाठवलेल्या अल्बममध्ये फोटो ओढून पुढेमागे करता येत नाही. पण एखाद्या फोटोच्या जागी दुसरा टाकता येतो. कॉम्प्युटरवर त्या नेमक्या फोटोवर उजवं क्लिक करून "Edit" घ्या आणि फोटो बदला. म्हणजे ७ च्या जागी ८ वाला आणि ८ च्या जागी ७ वाला. बदल केल्यावर दोन्हींच्या ओळीही एकदा वाचून घ्या, नाहीतर बिजागरीच्या फोटोखाली दाराची ओळ राहून जाईल. हे पाठवल्यापासून ४८ तासांच्या आतच जमतं.

---

घडीची_चादर

कशाला एवढी यातायात? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा की. फोटो निवडले की खाली छोट्या फोटोंची पट्टी येते, एकेकावर जाऊन लिहायचं, झालं. मी परवाच वीस फोटो असे पाठवले. माझा प्रश्न वेगळाच होता, माझ्या फोटोंची तारीख चुकीची येत होती, त्यावर कुणाला काही माहीत आहे का?

---

पाचवा_स्क्रू

चादर, टेलिग्रामवरही पाठवण्याआधी फोटो उघडून एकेकाला लिहिता येतंच. ताईंची अडचण लिहिण्याची नाही, लिहिलेलं दिसण्याची आहे. तारखेसाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

---

कपाटवाली

अगंबाई, खरंच की! फोटो उघडल्यावर ओळी दिसतायत. ७-८ ची अदलाबदल पण झाली.

पण अडचण राहिलीच. भावाच्या एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्यात फळी. प्रत्येक वेळी फोटो उघडून सरकवत बसणं त्याला नको आहे. वर-खाली करत वाचता येईल, फोटो आणि खाली ओळ, फोटो आणि खाली ओळ, असं काही जमेल का? आणि तो म्हणतोय की गठ्ठ्यात कुठला फोटो आधी आणि कुठला नंतर हेच कळत नाही.

---

पाचवा_स्क्रू

दुसरं आधी सांगतो, कारण त्यात दोष क्रमाचा नाही, मांडणीचा आहे. गठ्ठ्यात फोटो रांगेने डावीकडून उजवीकडे, मग खालची रांग, असे लागतात. पण अ‍ॅप प्रत्येक फोटोचा आकार बघून रांगा ठरवतं. उभे आणि आडवे फोटो मिसळले की एका रांगेत दोन, दुसरीत तीन, असं होतं. आणि तीन-चार फोटोंच्याच गठ्ठ्यात पहिला फोटो उभा असेल, तर तो डावीकडे मोठा दिसतो आणि बाकीचे उजवीकडे एकाखाली एक. तुमचा दुसरा गठ्ठा ४ चा आहे, भाऊ तिथे नक्की गोंधळला असेल. सगळे फोटो एकाच आकारात कापून घेतलेत तर मोठ्या गठ्ठ्यात रांगा बऱ्यापैकी सरळ लागतात. तरीही माझं मत असं की प्रत्येक फोटोवरच, कोपऱ्यात, मोठा आकडा लिहा. फोन काहीही मांडणी करो, आकडा फोटोबरोबर जातो.

आता "फोटो आणि खाली ओळ". फोटो म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठवा. कॉम्प्युटरवर पाठवतानाच्या चौकटीत "Compress images" ची खूण काढली की झालं. फाइलींचाही गठ्ठा होतो, तोही दहाचाच, पण त्यात फोटो गोधडीसारखे जोडलेले नसतात, एकाखाली एक यादी असते. आणि प्रत्येक फाइलीखाली तिची ओळ उघडपणे दिसते. तोटा हा की शेजारी चित्र अगदी छोटं असतं, नीट बघायला तिथेही दाबावं लागतंच. बारीक स्क्रू बघायचा असेल तर मात्र हेच चांगलं, कारण फोटो दाबून लहान केला जात नाही.

तिसरा मार्ग सगळ्यात साधा. त्याच चौकटीत "Group items" ची खूण काढा. मग गठ्ठाच होत नाही, १४ फोटो १४ मेसेज म्हणून जातात. मोठा फोटो, खाली ओळ, पुढचा मोठा फोटो, खाली ओळ. भावाला जे हवंय ते हेच. अल्बम दिसायला नीटनेटका असतो, पण हातात फळी धरून वाचायला तो कामाचा नाही.

---

रात्रपाळी

माझा अनुभव जोडतो. मी बॉटवरून अल्बम पाठवतो. तिथे "प्रत्येक कॅप्शन आपापल्या फोटोचं" हे अगदी स्वच्छ दिसतं, कारण अल्बमला कॅप्शन द्यायला जागाच नाही, फोटोलाच आहे. `sendMediaGroup` ला `media` म्हणून असं द्यायचं:

```json
[
  {"type": "photo", "media": "attach://p1",
   "caption": "१. तळाची फळी"},
  {"type": "photo", "media": "attach://p2",
   "caption": "२. डावी बाजू उभी"}
]
```

यादीतला क्रम तोच अल्बमचा क्रम. मी एकदा ११ फोटो दहा-दहाने तोडले. पहिले १० गेले, अकरावा अडकला. अर्धा तास टोकन तपासत बसलो. कारण एवढंच की अल्बमला कमीत कमी २ लागतात. आता ११ असतील तर ६ आणि ५ करतो. शिवाय फाइली `1.jpg`, `2.jpg` अशा होत्या, कोडने नावानुसार लावल्या तर `10.jpg` हा `2.jpg` च्या आधी. तेव्हापासून `01`, `02`.

---

उंबरठा

कॉम्प्युटरवर नावात ०१, ०२ घातलं की क्रम आपोआप बरोबरच जातो, मी नेहमी तसंच करतो.

---

पाचवा_स्क्रू

बहुतेक वेळा जातो. विंडोजच्या फाइल निवडायच्या खिडकीत पहिल्या फाइलीवर क्लिक करून शिफ्ट दाबून शेवटची घेतलीत, तर शेवटची फाइल यादीत पहिली जाऊन बसते. जुनी खोड आहे. शेवटच्या फाइलीपासून सुरू करून पहिलीपर्यंत निवडायचं. आणि काही झालं तरी पाठवण्याआधी चौकटीत एकदा नजर टाकायची, तिथे फोटो ओढून जागा बदलता येते. फोनवर तुम्ही ज्या क्रमाने टिचकी माराल तोच क्रम, गोलात आकडा येतो.

कपाटवाली, एक विचारू? फोटो सुटं करतानाचे आहेत. म्हणजे जोडायचा क्रम उलटा. गॅलरी फोनवर सगळ्यात नवा फोटो वर दाखवते. मग वरून खाली टिचकी मारत आलात की जोडायचा क्रम आपसूक मिळतो. तुम्ही काय केलं होतं?

---

कपाटवाली

मी खाली सगळ्यात जुन्यापर्यंत गेले, एकेक बघत कागदावर उलटा क्रम लिहिला, आणि मग शोधशोधून टिचकी मारली. ७-८ तिथेच घसरलं असणार. 🤦‍♀️

आता असं केलं: १४ चे दोन भाग पाडले, पण दहावर तोडलं नाही. सांगाडा उभा राहीपर्यंतचे ८, मग कप्पे आणि दारं यांचे ६. सगळ्यांवर कोपऱ्यात आकडा. आधी "Saved Messages" मध्ये गठ्ठा न करता स्वतःलाच पाठवून बघितले, ओळी तपासल्या आणि तिथून भावाला फॉरवर्ड केले.

---

पाचवा_स्क्रू

उत्तम. फक्त लक्षात ठेवा, "Saved Messages" मधली ओळ बदललीत तरी भावाकडची तशीच राहील. तिसऱ्या फोटोत काही चुकलं असेल तर आणि तेवढा एक पुन्हा पाठवलात, तर तो सगळ्यांच्या खाली जाऊन बसेल. तिथे तो कोपऱ्यातला आकडा कामी येईल.

---

कपाटवाली

चुकलंच. 😅 भावाचा फोन आला होता. ५ व्या फोटोखाली "डावी बाजू" लिहिलंय. मी कपाटामागे उभी राहून फोटो काढला होता, तो पुढे उभा आहे. डावी कुणाची?

---

रात्रपाळी

म्हणूनच मी डावं-उजवं लिहीतच नाही, "बिजागरीकडची", "भिंतीकडची" असं लिहितो.

---

घडीची_चादर

पण सुटं कपाट भिंतीला लागलेलंच नसेल, तर भिंतीकडची कुठली?