मदत हवी आहे: नर्सिंग नोंदींचं ऑडिट केलं, ९४ टक्के आलं, मॅडम म्हणतात परत कर

रात्रपाळी_संपेना
पोस्ट बेसिक दुसरं वर्ष, मॅनेजमेंटची असाइनमेंट. वॉर्डच्या डॉक्युमेंटेशनचं ऑडिट करायचं होतं, केलं. १५ निकष, २० फाइली, ३०० पैकी २८२ 'होय'. म्हणजे ९४ टक्के. मॅडमनी खाली एवढंच लिहिलं, "यातून काय कळलं?" आणि वही परत. सोमवारी सबमिशन आहे. कुणाकडे तयार फॉरमॅट असेल तर टाका. लवकर प्लीज, आज रात्रीपण ड्यूटी आहे.

नागरिक_प्रभाग१४
वॉर्डची कागदपत्रं अशी सहजासहजी दाखवत नाहीत. माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. आमच्या प्रभागातल्या गटाराच्या कामाची मोजमाप पुस्तिका मी अशीच काढली. ऑडिट तर त्यांच्याकडे झालेलंच नव्हतं.

रात्रपाळी_संपेना
काका, हॉस्पिटलचा वॉर्ड.

सिस्टर_मिरज
अगं फॉरमॅट कशाला शोधतेस, एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जा-मान्यतेच्या तपासणीच्या तयारीत आमच्याकडे चेकलिस्ट केली होती, तीच वापर. प्रत्येक पानावर नाव आणि नंबर, नोंदीला तारीख-वेळ-सही, खाडाखोड नाही, ॲलर्जी लिहिलेली, संमतीपत्र लावलेलं. असेसरला हेच लागतं. आम्ही ९८ टक्क्यांवर होतो.

केसपेपर_डॉक्टर
९८ टक्के! आमच्या वॉर्डात श्वसनाचा आकडा सगळ्यांचा २०. न्यूमोनियाचा पेशंट २०, हर्नियाचा २०, सकाळी २०, मध्यरात्री २०. सही, तारीख, वेळ सगळं चोख. तुमच्या चेकलिस्टला हा चार्ट शंभर टक्के पास.

सिस्टर_मिरज
डॉक्टर, तीस पेशंटला दोन सिस्टर असतात तेव्हा तुम्ही या एकदा ताप, नाडी, श्वसन मोजायला. आणि तुमच्या ऑर्डरवर वेळ असते का हो? त्याचं ऑडिट कोण करतं?

निवृत्त_मेट्रन
तुमचं भांडण नंतर. मुली, आधी चार गोष्टी सांग. वॉर्ड कुठला? फाइली डिस्चार्ज झालेल्यांच्या की खाटेवरच्या? त्या २० कुणी निवडल्या? आणि एखादा निकष पेशंटला लागूच नसेल तिथे तू काय लिहिलंस?

रात्रपाळी_संपेना
मेडिसिन, फीमेल. डिस्चार्जच्या फाइली. इनचार्ज सिस्टरनी काढून दिल्या, एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड विभागात जायला वेळ नव्हता. लागू नसेल तिथे 'होय' केलं, कारण चूक तर नाही ना झाली. यात काय बिघडलं?

निवृत्त_मेट्रन
बिघडलं ते तिथेच. तुझ्या ३०० चौकटींत १८ 'नाही' आहेत. ते कुठे आहेत बघ. सगळ्या निकषांत विखुरलेत की एकाच ठिकाणी साचलेत?

रात्रपाळी_संपेना
थांबा. ७ एकाच निकषात आहेत. "वेदनाशामक दिल्यावर पुन्हा वेदनेची नोंद केली." २० पैकी १३ होय.

निवृत्त_मेट्रन
त्या २० पैकी किती जणींना वेदनाशामक दिलं होतं? मेडिकेशन चार्ट उघडून मोज, अंदाजाने सांगू नकोस.

रात्रपाळी_संपेना
१२ जणींना. उरलेल्या ८ ना काही दिलंच नव्हतं, त्या ८ मी 'होय'मध्ये धरल्या.

निवृत्त_मेट्रन
म्हणजे १३ मधून ८ गेल्या, राहिल्या ५. बारातल्या ५. आधी ६५ टक्के दिसत होते, ते झाले ४२. गोळी दिली, पण त्रास कमी झाला का हे निम्म्याहून जास्त जणींच्या फाइलीत कुणी लिहिलं नाही. मॅडमना हे वाक्य हवं होतं, ९४ नको. सरासरीत संमतीपत्र आणि पानावरचं नाव असल्या सोप्या निकषांनी हे झाकलं. आता 'लागू नाही' असा तिसरा रकाना कर, आणि प्रत्येक निकषाचे टक्के वेगळे काढताना त्या फाइली भागाकारात धरू नकोस. शेवटी सगळ्यांची एक सरासरी काढायचा मोह होईल. काढू नकोस.

आकडे_बोलतात
४२ टक्केही सांगता येणार नाहीत. १२ फाइलींवरून खरा आकडा २० ते ७० च्या मधे कुठेही असू शकतो. सूत्राने नमुना काढा, ३८४ फाइली लागतील.

केसपेपर_डॉक्टर
३८४ पेशंट तिच्या वॉर्डात चार महिन्यांत येतात.

आकडे_बोलतात
बरं, महिन्याला किती डिस्चार्ज?

रात्रपाळी_संपेना
साधारण ९०.

आकडे_बोलतात
मग ९० साठी दुरुस्ती लावून ७३.

निवृत्त_मेट्रन
सोमवारपर्यंत ७३ फाइली आणि रात्रपाळी? आकडेवारीचं बरोबर आहे, पण हे सूत्र वॉर्डचा आकडा पाच टक्के इकडेतिकडे इतका अचूक हवा असेल तर. तिला हवंय ते वेगळं: नोंदीत मोठं भगदाड कुठे आहे. ते कमी फाइलींतही दिसतं, फक्त निवड प्रामाणिक हवी. इनचार्जनी दिलेल्या फाइली नीटनेटक्याच निघणार, त्यांच्या जागी मी असते तरी तशाच दिल्या असत्या.

डिस्चार्ज रजिस्टर घे. मागच्या महिन्याच्या ९० नोंदींवर क्रमांक टाक. पाच चिठ्ठ्यांतून एक काढ, ३ आला तर ३, ८, १३ असं दर पाचवं. १८ फाइली होतील. मृत्यू, सल्ल्याविरुद्ध घरी गेलेले, दुसऱ्या वॉर्डात हलवलेले, जे येतील ते घे. घोळ बहुधा तिथेच असतो. एमआरडीत एखादी फाइल सापडली नाही तर शेजारची उचलू नकोस, "सापडली नाही" असं लिही. तेही ऑडिटच आहे.

आणि अख्खी फाइल वाचू नकोस, थकशील. प्रत्येक फाइलीतला एकच दिवस घे, सकाळ-दुपार-रात्र तिन्ही पाळ्या. दिवसही चिठ्ठीनेच. भरतीचा दिवस सगळे नीट लिहितात, म्हणून तोच तपासला की ऑडिट खोटं बोलतं.

आकडे_बोलतात
१८ चालतील, पण अहवालात टक्क्यांऐवजी "बारातल्या पाच" असंच लिहा. ४१.७ लिहिलंत तर मी इथे परत येईन.

पेपरलेस_पंकज
सगळा प्रॉब्लेम कागदाचा आहे. सॉफ्टवेअर घ्या. रकाना रिकामा असेल तर पुढे जाताच येत नाही. १०० टक्के कम्प्लायन्स.

सिस्टर_मिरज
आमच्याकडे आलंय तुमचं सॉफ्टवेअर. कालची नोंद कॉपी होते आणि पेशंटला घरी सोडल्यावरही चार्टवर कॅथेटर राहतो.

पेपरलेस_पंकज
तो ट्रेनिंगचा प्रश्न आहे.

केसपेपर_डॉक्टर
तो श्वसनाच्या २० चाच प्रश्न आहे. रकाना भरला म्हणजे पेशंट पाहिला असं नाही. रात्रपाळी, तू हे कसं तपासशील?

रात्रपाळी_संपेना
"श्वसनाची नोंद योग्य आहे का" असा निकष टाकते.

निवृत्त_मेट्रन
योग्य म्हणजे काय? तुझ्या मते होय, मैत्रिणीच्या मते नाही. ५ फाइली दोघींनी वेगवेगळ्या बसून तपासा, एकमेकींचं न बघता. जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे निकष मोडका आहे, सिस्टर नव्हे. "पुन्हा वेदनेची नोंद" हाही तसा अर्धवटच. "बरं वाटतंय" हे चालेल का? चार तासांनी लिहिलेलं चालेल? असं लिही: एसओएस, म्हणजे गरज पडली तरच द्यायचं वेदनाशामक दिल्याच्या वेळेपासून तुमच्या हॉस्पिटलच्या पॉलिसीत जेवढी मुदत आहे त्याच्या आत, वेदनेचा आकडा आणि वेळ चार्टवर आहे. यात मत लागत नाही, घड्याळ लागतं.

श्वसनाचं बंद फाइलीतून सिद्ध होत नाही. "सगळीकडे २० लिहिलंय" एवढंच मांड, "खोटं लिहिलंय" म्हणू नकोस. खरं बघायचं असेल तर खाटेवरच्या ५ पेशंटचे सिस्टरनी लिहिल्यावर लगेच तू स्वतः पूर्ण एक मिनिट मोज आणि दोन्ही आकडे शेजारी ठेव. तेव्हा चार्टवर ॲलर्जी राहून गेलेली किंवा डोस चुकलेला दिसला तर त्याच क्षणी इनचार्जना सांग. असाइनमेंटसाठी साठवू नकोस.

केसपेपर_डॉक्टर
वॉर्डला आधी सांगून मोजलं तर त्या दिवशी सगळे मोजतील.

निवृत्त_मेट्रन
न सांगता मोजलं तर पुढच्या वेळी तिला रजिस्टर कुणी देणार नाही. मी सांगायचे. फरक पडतो, मान्य.

रात्रपाळी_संपेना
फीडबॅकसाठी मी पीपीटी केलीय, मेट्रन मॅडमना दाखवणार होते. ते तरी चालेल ना?

सिस्टर_मिरज
पीपीटी मेट्रनला आणि मेमो आम्हाला. कुणाची नोंद राहिली त्यांची नावं लावली होती एकदा नोटीस बोर्डावर. दुसऱ्या दिवसापासून सगळे चार्ट पूर्ण. ड्यूटी संपायच्या आधीच पूर्ण, कळलं ना?

निवृत्त_मेट्रन
कळलं. सहा वाजता आठच्या इंटेक-आउटपुटची बेरीज तयार. म्हणून नाव नको, खाट नंबरही नको, पेशंटला सांकेतिक क्रमांक दे. दुपारी दोनच्या हँडओव्हरला जा, तेव्हा दोन पाळ्या समोर असतात. पाच मिनिटं, एकच गोष्ट: बारातल्या ५. मग विचार, "हे कशामुळे राहतं?" आणि गप्प बस.

रात्रपाळी_संपेना
ते मलाच माहितीय. वेदनेचा चार्ट काउंटरवर वेगळ्या क्लिपला असतो. मी गोळी खाटेजवळ देते, मेडिकेशन चार्टवर तिथेच सही करते. काउंटरवर येईपर्यंत दुसरी बेल वाजते.

निवृत्त_मेट्रन
तू त्याच वॉर्डात काम करतेस? हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही सांगितलंस!

रात्रपाळी_संपेना
विचारलं नाही कुणी. कोर्सची डेप्युटेशन आहे पण कमी स्टाफ म्हणून लावतात. त्या १२ तल्या दोन नोंदी माझ्याच राहिल्यात.

आकडे_बोलतात
मग ऑडिटर स्वतःच नमुन्यात आहे. या फाइली दुसऱ्या कुणी तपासायला हव्यात.

निवृत्त_मेट्रन
तुझ्या पाळीतल्या नोंदी मैत्रिणीला तपासायला दे आणि तसं अहवालात लिही. लपवू नकोस. उपाय म्हणून मेडिकेशन चार्टवरच एसओएसच्या सहीशेजारी "नंतरची वेदना, वेळ" असे दोन रकाने सुचव. चार आठवड्यांनी फक्त हाच निकष, याच रीतीने निवडलेल्या फाइलींवर पुन्हा. सोमवारी तुला त्याचा निकाल द्यायचा नाही, तारीख आणि रीत द्यायची आहे.

सिस्टर_मिरज
चार्ट छापील असतो, रकाना वाढवायला फॉर्म कमिटी लागते. आमच्याकडे त्याला सात महिने लागले.

निवृत्त_मेट्रन
तोवर रबरी शिक्का. बाजारात करून मिळतो.

नागरिक_प्रभाग१४
फॉर्म कमिटीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागता येतं, हॉस्पिटल सरकारी असेल तर.

रात्रपाळी_संपेना
काका 😂 ट्रस्टचं आहे.
रजिस्टर मागितलं. इनचार्ज म्हणाल्या, "मी दिलेल्या फाइलींवर विश्वास नाही का?" आता काय उत्तर देऊ?

सिस्टर_मिरज
सांग की मॅडमनी सांगितलंय. सगळं मॅडमवर ढकल.

निवृत्त_मेट्रन
ढकलू नकोस. चिठ्ठी त्यांनाच काढायला सांग. सुरुवातीचा आकडा त्यांच्या हातून आला की बघ काय म्हणतात.

रात्रपाळी_संपेना
काढली. ४ आला. ४, ९, १४... १९ नंबरची फाइल एमआरडीत नाहीये. लिहिलं "सापडली नाही". ड्यूटीला निघाले.