अनुभव धागा : गावाचे नाव चुकीचे छापले म्हणून संपादकांना लिहिलेले पत्र

ब्रह्मगिरी_पायथा

आज सकाळी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर 'त्रंबकेश्वर' असे ठळक अक्षरांत वाचले आणि 2015 च्या सिंहस्थातले माझे पत्र आठवले. तेव्हा एकाच बातमीच्या शीर्षकात 'त्रिंबक' आणि मजकुरात 'त्रंबकेश्वर' छापले होते. माझे माहेर तिथले, कुशावर्तापासून चालत पाच मिनिटांवर. त्याच दिवशी मी दोन पाने भरून पत्र लिहिले. त्रि आणि अंबक यांचा संधी होताना इकाराचा य कसा होतो, अंबक म्हणजे डोळा, म्हणून हे तीन डोळ्यांच्या देवाचे नाव, असे सारे त्यात होते. ते पत्र छापले गेले नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा लिहिले, ते एवढेच : "आपल्या नाशिक आवृत्तीत पंधरा दिवसांपूर्वी पान 3 वर सिंहस्थाच्या बातमीत गावाचे नाव दोन प्रकारे छापले आहे आणि दोन्ही रूपे चुकीची आहेत. योग्य रूप त्र्यंबकेश्वर असे आहे. कृपया शुद्धिपत्र द्यावे आणि पुढील बातम्यांत हेच रूप वापरावे." हे पत्र चौथ्या दिवशी आले, परंतु पत्रावर त्यांनी दिलेल्या मथळ्यातही 'त्रंबकेश्वर' हेच छापलेले होते. तो अंक अजून माझ्या कपाटात आहे. आपण कोणी असे पत्र लिहिले असेल तर पुढे काय झाले ते अवश्य सांगावे.

सिन्नरकर

मथळ्यातही तीच चूक झाली हे वाचून फार वाईट वाटले, ताई. गॅसवर दूध आहे, सविस्तर नंतर लिहितो.

जुना_मुद्रितशोधक

मी बावीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले, म्हणून आतली बाजू सांगतो. ही चूक बहुधा वार्ताहराची नसते. आमच्याकडे जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना त्र नंतरचा य हमखास गळत असे, आणि उरलेले 'त्रंबक' डोळ्यांना इतके ओळखीचे वाटे की रात्री अकरा वाजता चार पाने तपासणाऱ्या माणसाच्या ते लक्षातच येत नसे. 'त्रिंबक' मात्र वेगळ्या वाटेने येते. वृत्तसंस्थेची बातमी इंग्रजीत असते, तिथे गावाचे नाव टी-आर-आय ने सुरू होते, आणि ज्याने गाव पाहिलेले नाही असा भाषांतरकार ती अक्षरे तशीच मराठीत उतरवतो. त्यामुळे एका बातमीत दोन रूपे दिसली, तर ती दोन ठिकाणांहून आलेल्या मजकुरांची जोडणी आहे असे समजावे.

आपले दुसरे पत्र उत्तम होते, पण त्यात एक गोष्ट राहिली. चुकीचे आणि बरोबर रूप नुसते शेजारी लिहिले, तर जुळणी करताना दोन्ही एकसारखी होऊन बसतात आणि पत्राला अर्थच उरत नाही. म्हणून बरोबर रूप शब्दांत फोडून सांगावे : 'त्र ला य जोडलेला आहे आणि त्या जोडाक्षरावर अनुस्वार आहे.' फोनवर ते त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार अशा सहा कळांनी उमटते. काही कळफलकांवर त्र ची स्वतंत्र कळ असते, पण त्यानंतरचा हलन्त विसरला की य सुटा पडतो.

आणखी एक सांगतो. जिल्हा पान नाशिकला लागते, पहिले पान अनेकदा दुसऱ्या शहरात लागते. चूक ज्या पानावर असेल त्या आवृत्तीच्या संपादकांना लिहावे. नाव आणि पत्ता शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला असतो.

पेशवाई_अभ्यासक

माझे मत थोडे वेगळे आहे. 'त्रिंबक' ही इंग्रजीतून आलेली चूक नव्हे. त्रिंबकजी डेंगळे यांचे नाव आपण सगळे असेच लिहितो. जुन्या मराठीत हे रूप रुळलेले होते आणि इंग्रजांनी ते ऐकूनच आपले स्पेलिंग केले. तेव्हा बरोबर रूप 'त्रिंबक'च म्हणायला हवे.

जुना_मुद्रितशोधक

रूप जुने आहे हे आपले म्हणणे मान्य आहे, आणि मी त्याला सरसकट इंग्रजीचे अपत्य ठरवले ही माझी घाई झाली. परंतु व्यक्तीचे नाव ती व्यक्ती जसे लिहीत होती तसे लिहावे आणि गावाचे नाव आज गाव जसे लिहिते तसे लिहावे. तालुक्याचे नाव आज त्र्यंबकेश्वर असेच लिहिले जाते. डेंगळ्यांवरच्या लेखात 'त्रिंबकजी' आणि त्याच पानावरच्या यात्रेच्या बातमीत 'त्र्यंबकेश्वर' असणे यात विसंगती नाही.

बागलाणची_लेक

आमच्या सटाण्याचे इंग्रजीवरून 'सताना' होते, त्याबद्दल कोणाला लिहायचे? माझ्या मुलाच्या जन्मदाखल्यावरही तसेच आले आहे. संपादकांना पत्र दिले तर दाखला दुरुस्त होईल का?

ब्रह्मगिरी_पायथा

नाही हो, ताई. वर्तमानपत्रातील पत्राचा दाखल्यावर परिणाम होत नाही. त्यासाठी जिथे जन्माची नोंद झाली तिथल्या निबंधकांकडेच अर्ज करावा लागतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 मध्ये दुरुस्तीची तरतूद आहे. 'सताना' छापून आल्यास मात्र संपादकांना जरूर लिहा.

गडावरची_वाट

मी वणीच्या गडाच्या नावासाठी तीन पत्रे लिहिली. 'सप्तश्रृंगी' असे छापतात, ते 'सप्तशृंगी' हवे. श्र मध्ये र आधीच आहे, त्याला पुन्हा ऋकार लावला की एकच उच्चार दोनदा लिहिल्यासारखे होते. दोन पत्रांना उत्तर नव्हते. तिसऱ्या वेळी मी पत्रासोबत त्यांच्याच अंकांतील सहा कात्रणे जोडली. तीनांत बरोबर रूप होते, तीनांत चुकीचे. आपलेच दोन अंक एकमेकांशी भांडत आहेत हे दिसल्यावर त्यांनी दूरध्वनी केला आणि कार्यालयाच्या शब्दसूचीत नाव घेतले. शुद्धिपत्र आले नाही, पण त्यानंतर त्यांच्या जिल्हा पानावर मला ती चूक दिसलेली नाही.

सिन्नरकर

दूध उतू गेले नाही, आता लिहितो. सूचीत नाव जाणे हे शुद्धिपत्राहून अधिक टिकते असे मला वाटते, कारण शुद्धिपत्र एका दिवसाचे असते. पण बातमी संकेतस्थळावर असेल तर तिथली दुरुस्तीही मागावी. मागच्या वर्षी मी संकेतस्थळावर 'त्र्यंबकेश्वर' शोधत होतो आणि निवृत्तिनाथांच्या यात्रेची एक बातमी काही केल्या सापडत नव्हती. ती 'त्रंबकेश्वर' नावाखाली पडून होती.

पैठणीवाला

सर्वांना एक प्रश्न आहे. आमच्या गावाचे नाव 'येवला' की 'येवले'? माझे आजोबा 'येवले' लिहीत, दुकानाच्या पाटीवर 'येवला' आहे. पत्र लिहायला बसलो आणि थांबलो.

जुना_मुद्रितशोधक

हे अवघड आहे, कारण 'येवल्याला', 'येवल्यात' ही रूपे दोन्हींपासून सारखीच होतात आणि बोलण्यावरून निर्णय लागत नाही. आजोबांचे रूप जुने आहे, पण आज कागदोपत्री 'येवला' चालते. यावर 'चूक' असे पत्र मी लिहिणार नाही. एका अंकात एकच रूप ठेवा एवढीच विनंती करेन.

पेशवाई_अभ्यासक

'त्रिंबक'बद्दल माझे समाधान झालेले नाही. पण गावाच्या आजच्या नावासाठी पत्र जाणार असेल तर माझी सही घ्या.

ब्रह्मगिरी_पायथा

सर्वांचे मनापासून आभार. आजच्या बातमीसाठी नवे पत्र लिहिले आहे, या वेळी जोडाक्षर शब्दांत फोडून. माझ्याकडे अंक शेजाऱ्यांचा होता आणि तो परत गेला. ते पान 4 होते की 5, हे कोणी अंक पाहून सांगेल का? संध्याकाळच्या टपालाआधी कळले तर पत्र आजच जाईल.