मदत हवी आहे: आईच्या फोनवर बटण दोनदा दाबून टॉर्च लावायचाय, पण भलतंच होतंय

चरईकर:
आई (वय 68) ठाण्यात चरईत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. जिन्यातला बल्ब महिन्यातून दोनदा तरी गेलेला असतो. तिचा फोन सॅमसंगचा, साधासाच. बाजूचं बटण दोनदा दाबलं की आत्ता कॅमेरा उघडतो, तिथे मला टॉर्च हवाय.

पण खरी गोष्ट परवाची. लाइट गेली, तिने घाबरून बटण दाबदाब दाबलं आणि फोनमधून भोंगा वाजायला लागला, पडद्यावर उलटी मोजणी करणारे आकडे. तिने फोन उशीखाली कोंबला! सुदैवाने भोंगा लगेच बंद झाला. आता ती बटणाला हातच लावत नाही. काय करू?

बटाटेवडा_प्लेट:
टॉर्चसाठी बटणाची कटकट कशाला? आयफोनच्या पाठीवर दोन टिचक्या मारायच्या. माझ्याकडे तसंच आहे, Accessibility मध्ये Touch, त्यात Back Tap. बायकोला दाखवलं तर ती दिवसभर टिचक्या मारत बसली.

चरईकर:
दादा, सॅमसंग आहे म्हटलं ना.

वाशी_खाडीपूल:
तीन वेळा दाबलं की 112 ला फोन जातो, सरकारचा नियमच आहे, 2017 पासून प्रत्येक फोनला सक्तीचा. तोच भोंगा. बंद करता येत नाही, आईंना हळू दाबायला सांगा.

जुना_रेडिओ:
वाशीकरांचं अर्धं बरोबर आहे. 2016 च्या नियमांत पॉवरचं बटण झटपट तीनदा हा मार्ग आहेच, आणि साध्या फोनवर 5 किंवा 9 चं बटण दाबून धरायचं. भारतात आयफोनवरही तीनदा दाबून फोन लावायची सोय आहे. पण तुम्ही सांगताय तो भोंगा आणि उलटे आकडे म्हणजे पाच वेळा दाबल्यावर सुरू होणारं Emergency SOS. सॅमसंगवर ते Safety and emergency मध्ये सापडेल, किती वेळा दाबायचं तेही तिथेच लिहिलेलं असतं.

ते बंद करू नका. एकट्या बाईला त्याचीच गरज. मोजणीचा वेळ वाढवा, भोंग्याचा पर्याय दिसला तर बंद करा, आणि फोन कोणाला जाणार तो नंबर तात्पुरता तुमचा टाका. मग आईंसमोर मुद्दाम पाच वेळा दाबून बघा. पडद्यावर रद्द करायचं बटण कुठे येतं, हे त्यांना दिसायला हवं. तालीम झाली की 112 परत टाका, तेवढं विसरू नका.

आता टॉर्च. Settings, मग Advanced features, मग Side button. जुन्या फोनवर त्याचं नाव Side key. तिथे Double press मध्ये कॅमेऱ्याऐवजी Open app निवडा आणि यादीत टॉर्च आहे का बघा. काही फोनवर आहे, काहींवर नाही. दुसरं एखादं अ‍ॅप लावलंत तर फोन आधी लॉक उघडायला सांगेल, अंधारात ते कामाचं नाही.

चरईकर:
यादीत टॉर्च होता! लावला. माझ्या हाताने चालतं. आईच्या हाताने पाचातून दोनदाच. पहिल्या दाबात पडदा उजळतो, दुसऱ्यात विझतो.

जुना_रेडिओ:
म्हणजे दोन दाबांमध्ये फार वेळ जातोय. फोन त्यांना दोन वेगवेगळे दाब समजतो. कव्हर काढून एकदा करायला सांगा. जाड रबरी कव्हरात बटण पूर्ण दबत नाही, ज्येष्ठांच्या बाबतीत हे मी कितीदा पाहिलंय.

नेरुळची_मावशी:
माझं ऐकाल तर बटणच सोडा. माझ्या अंगठ्याला संधिवात आहे. मी पडद्यावर दोनदा टकटक करून उजेड आणते, ते Motions and gestures मध्ये मिळतं. मग लॉक पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातला टॉर्च मधल्या बाजूला ओढते. उजव्या कोपऱ्यात कॅमेरा. नातवाचे फोटो पटकन निघतात.

आणि चुकून 112 लागलाच तर घाबरून कट करू नका. एकदा माझ्याकडून लागला, मी कट केला, तर त्यांचाच उलट फोन आला. "चुकून लागला" एवढं सांगितलं की झालं.

वाशी_खाडीपूल:
मावशी, ओढायला बोट चालतं, दाबायला नाही? ☺️

नेरुळची_मावशी:
चालतं. बोट वेगळं, अंगठा वेगळा, वाशीकर.

चरईकर:
कव्हर काढल्यावर पाचातून चार! पण कव्हरशिवाय ती फोन हातात घ्यायला तयार नाही, पडेल म्हणते. तळावपाळीजवळ पातळ कव्हर शोधतो उद्या. मावशींचा कोपराही लावून ठेवलाय. SOS ची तालीम रविवारी, तोवर माझाच नंबर आहे त्यात. तिला अजून एक कळत नाहीये: टॉर्च विझवायचा कसा?

जुना_रेडिओ:
लॉक पडद्यावरचं तेच चिन्ह परत ओढायचं. बटणाने विझतो का, ते तुमच्या फोनवर तुम्हीच करून बघा आणि इथे लिहा.