मदत हवी आहे: झोप पार उलटली आहे, पण रात्रीचा अड्डा सोडायचा नाही

पेठेतला_पाहुणा
वय २३, सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहतो, राज्यसेवेची तयारी चालू आहे. अभ्यासिकेतून साडेदहाला आलो की शाळेतल्या दोस्तांबरोबर बीजीएमआय, मग कॉलवर गप्पा. झोपायला चार वाजतात, जाग येते अकराला. पेपर सकाळी असतो, म्हणून सहाचा गजर लावून आठपर्यंत गच्चीवर उन्हात बसायचो. उलट झोप आणखीच पुढे गेली. दोस्त आता वेगवेगळ्या गावांत आहेत, भेट होते ती गेममध्येच. ते तोडणार नाही. काय करू?

कोकणी_माणूस
मेलाटोनिन घे झोपताना. मोबाइलला पिवळा फिल्टर लाव. झालं काम.

रातकिडा
गच्चीमुळेच घोटाळा झाला असणार. नेहमीच्या उठायच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, तुझं आठ-नऊला. त्याआधी लख्ख उजेड मिळाला तर शरीर ती अजून संध्याकाळच समजतं आणि झोप पुढे ढकलतं. त्यानंतर मिळाला तर झोप अलीकडे येते. म्हणून एकदम सहा नको. आधी साडेदहाला ऊठ आणि लगेच अर्धा तास बाहेर पड. खोलीतल्या ट्यूबलाइटनं भागत नाही. अंगवळणी पडलं की दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे. सातवर यायला तीनेक आठवडे धर. झोपायची वेळ मागोमाग सरकते, बळंच दहाला आडवं होऊ नकोस.

मेलाटोनिन अगदी झोपताना घेऊन शरीराचं घड्याळ फारसं हलत नाही. ते काही तास आधी, कमी मात्रेत लागतं, तेही डॉक्टरांना विचारून.

हिंजवडीकर
मी रात्रपाळी करतो. खिडकीला काळा पडदा लाव, दिवसा मस्त झोप लागते.

पेठेतला_पाहुणा
दादा, मला दिवसा झोपायचं नाहीये 😅
@रातकिडा, मग गेमचं काय?

रातकिडा
शनिवारी खेळ की एक-दीडपर्यंत. रविवारी मात्र नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त लोळू नकोस; कमी पडलेली झोप दुपारी वीस मिनिटांत थोडी भरून काढ. रविवारी बारापर्यंत झोपलास तर त्याच रात्री छताकडे बघत पडशील. बाकी दिवशी गेम साडेआठला घ्या, अभ्यासिकेत उलट सकाळी लवकर जा.

पेठेतला_पाहुणा
साडेआठला दोघं ऑफिसातून निघालेलेही नसतात. एक जण तर दहानंतरच मोकळा होतो.

सईची_वही
आमच्या ग्रुपमध्ये हेच झालेलं. शेवटी बुधवारी दहा ते साडेअकरा ठरवलं, "लास्ट मॅच" साडेअकरानंतर सुरूच करायची नाही. एक जण अजून चिडतो.

रातकिडा
बुधवार चालेल. पण महिना-दोन महिने नीट पाळूनही चारच्या आत डोळा लागत नसेल, तर झोपेच्या डॉक्टरांना दाखव. काहींचं घड्याळ मुळातच उशिराचं असतं.

पेठेतला_पाहुणा
ग्रुपवर बुधवारचं टाकलंय. दोघांचा होकार आला, तिसऱ्यानं नुसता हसरा चेहरा पाठवलाय.