प्रतिसाद: आठातला एकच का वाढला?

> "तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत आठ फॉलिकल दिसले, बाराव्या दिवशी एकच मोठा. बाकीचे कुठे गेले?"

ताई, मी नाशिकमध्ये सोनोग्राफीच करते, हा प्रश्न रोजचाच. फॉलिकल म्हणजे अंडाशयातली बीज वाढवणारी छोटी पिशवी. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि इन्हिबिन ही संप्रेरकं उतरतात, मेंदूतल्या पिट्युटरीवरचा दाब सुटतो आणि फॉलिकल वाढवणारं तिचं संप्रेरक, एफएसएच, थोडं चढतं. तेवढ्यावर पाच-सात मिलिमीटरपर्यंतचे सगळेच वाढू लागतात.

खरी गंमत सातव्या-आठव्या दिवशी. एखादा दहा मिलिमीटरच्या आसपास पोचतो, भरपूर इस्ट्रोजेन सोडतो. ते आणि लहानग्यांचं इन्हिबिन बी मिळून एफएसएच पुन्हा खाली आणतात. आता बाकीच्यांना ते पुरत नाही आणि ते जिरतात. पुढे गेलेल्याला मात्र कमी एफएसएचही चालतं, शिवाय त्याच्या पेशींवर एलएच या पिट्युटरीच्याच दुसऱ्या संप्रेरकाचे रिसेप्टर आलेले असतात, म्हणजे दुसरी शिदोरी. तुमचा आठव्या दिवशी ११ असेल तर रोज साधारण दोनने वाढून बाराव्याला १९ होतो.

आपल्याकडे द्राक्षाची विरळणी माणूस करतो, इथे घडच करतो म्हणा! आयव्हीएफमध्ये इंजेक्शनने एफएसएच खाली येऊच देत नाहीत, म्हणून तिथे बरेच वाढतात.